पाच मिनिटांची पाळी

ग्रंथालयाच्या गूगल ड्राइव्हवर १२,००० स्कॅन केलेल्या फाइल्स आहेत आणि प्रत्येकीचं नाव स्क्रिप्टने बदलायचं आहे, असं समजा. गूगलची ॲप्स स्क्रिप्ट सेवा एका वेळी सहा मिनिटांहून जास्त चालू देत नाही. मर्यादा संपली की काम मध्येच तुटतं, मेलमध्ये फक्त चूक दिसते आणि किती झालं ते कळत नाही.

म्हणून स्क्रिप्टनेच आधी थांबावं. प्रत्येक फाइल हाती घेण्यापूर्वी तिने घड्याळ पाहावं. पाच मिनिटं उलटली असतील, तर नवी फाइल न घेता शेवटच्या पूर्ण फाइलची नोंद करून बाहेर पडावं. फाइलला पाऊण सेकंद लागला तर एका पाळीत ४०० होतात. दर तासाला एक पाळी लावली की तीस पाळ्यांत, म्हणजे सव्वा दिवसात, ढीग संपतो.

अहवालात ‘अपूर्ण’ लिहू नये. ‘४०० झाल्या, ११,६०० उरल्या’ असं लिहावं. माझ्या मते उरलेला आकडाच खरा. तो सलग दोन पाळ्या हलला नाही, तर बहुधा एखादी बिघडलेली फाइल वाट अडवून बसलेली असते. तिला वेगळ्या यादीत टाकून पुढे जावं.