कॅलप्रोटेक्टिन ७८० आलं, पुढे काय?

समजा, पुण्यात नोकरी करणारा २४ वर्षांचा एक तरुण आहे. दहा दिवस जुलाब थांबेनात म्हणून डॉक्टरांनी शौचाची तपासणी करून घेतली. रिपोर्टवर फीकल कॅलप्रोटेक्टिन ७८० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम आणि शेजारी ‘नॉर्मल ५० पेक्षा कमी’. रात्रभर मोबाइलवर वाचून त्याने ठरवूनही टाकलं, की आपल्याला आयबीडी, म्हणजे आतड्याचा जुनाट दाह झालाय.

पण हा आकडा एवढं सांगत नाही. कॅलप्रोटेक्टिन हे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमधलं प्रथिन. आतड्याच्या अस्तराला दाह झाला की या पेशी तिथे धावून येतात आणि हे प्रथिन शौचात उतरतं. पेशी कशासाठी धावल्या, ते आकड्यावरून कळत नाही. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टरसारख्या जंतूंनीही तो शेकड्यांत जातो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या गोळ्यांनीही वाढतो. या तपासणीचा खरा उपयोग आकडा कमी येतो तेव्हा होतो: आतड्याला दाह नसावा, असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं.

संसर्ग की आयबीडी, हे बहुतेक वेळा काळच दाखवतो. जंतूंचे जुलाब सहसा एक-दोन आठवड्यांत आटोपतात. म्हणून आधी शौचाचं कल्चर आणि अमिबा, जिआर्डियासाठी तपासणी करायची, वेदनाशामक गोळ्या थांबवायच्या आणि चार ते सहा आठवड्यांनी कॅलप्रोटेक्टिन पुन्हा पाहायचं. संसर्ग असेल तर तोवर आकडा चांगलाच उतरलेला असतो.

आपल्या तरुणाच्या कल्चरमध्ये काही सापडलं नाही. सहा आठवड्यांनी आकडा ६९०. एव्हाना शौचातून रक्त जात होतं, वजन चार किलो उतरलं होतं, हिमोग्लोबिन १०.४ वर आलं होतं आणि शौचासाठी झोपेतून उठावं लागत होतं. झोपमोड करणारे जुलाब मी फार गंभीरपणे घेतो. नुसत्या ‘नाजूक पोटा’त ते क्वचितच दिसतात. कोलोनोस्कोपीत गुदाशयापासून वर सलग लाली आणि बारीक व्रण दिसले. बायोप्सीत अस्तरातल्या ग्रंथी वाकड्या, फाटे फुटलेल्या होत्या. अशी मोडतोड व्हायला कित्येक आठवडे लागतात. ताज्या संसर्गात ग्रंथींची रचना बहुधा शाबूत असते. निदान झालं अल्सरेटिव्ह कोलायटिसचं.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. आतड्याचा क्षयरोग आणि आयबीडीचाच दुसरा प्रकार, क्रोन्स, दिसायला इतके सारखे असतात की अनुभवी डॉक्टरही अडखळतात, आणि कॅलप्रोटेक्टिन दोन्हींत वाढतं. क्षयरोग किंवा अमिबा असताना स्टेरॉइड दिलं तर आजार बळावतो, आतड्याला छिद्रही पडू शकतं. म्हणून शंका असेल तिथे बायोप्सीचा तुकडा क्षयरोगासाठीही तपासतात.

रक्त, ताप, पोटात तीव्र कळा किंवा गळून गेल्यासारखं होत असेल, तर सहा आठवडे थांबू नका, लगेच डॉक्टरांना गाठा. एरवी रिपोर्ट घेऊन जाल तेव्हा जुलाब कधी सुरू झाले आणि त्या दिवसांत कोणत्या गोळ्या घेतल्या, ते लिहून न्या. आणि कुणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइड सुरू करू नका.