जुन्या राउटरच्या तळाचं लेबल

टीपी-लिंक कंपनीचा TL-WR841N हा दोन अँटेनांचा पांढरा राउटर आपल्याकडच्या कितीतरी घरांत आणि दुकानांत वर्षानुवर्षं चालू आहे. नेट मिळतंय तोवर त्याच्याकडे कुणी वळूनही पाहत नाही. मात्र त्याच्या जुन्या आवृत्त्यांचा कंपनीचा आधार केव्हाच संपला आहे, म्हणजे नवं छिद्र सापडलं तरी ते बुजवायला कंपनी बांधील नाही.

त्याचं काय होतं, ते मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर 2024 मध्ये सांगितलं. चीनमधले हल्लेखोर हजारो घरगुती राउटर ताब्यात घेऊन त्यांच्याआडून परक्या संस्थांच्या खात्यांचे पासवर्ड आजमावत होते. त्यातले बहुतेक राउटर टीपी-लिंकचे होते आणि एका वेळी सरासरी 8,000 कामाला जुंपलेले असत. सुमारे 80 टक्के वेळा एका खात्यावर दिवसातून एकच प्रयत्न व्हायचा, तोही कुणाच्या तरी घरच्या पत्त्यावरून, त्यामुळे कुठे धोक्याची घंटा वाजत नसे. एवढ्याशा कामाने घरचं नेटही मंदावत नाही. म्हणून ‘आमचं तर व्यवस्थित चालतंय’ हा पुरावा मी मानत नाही.

या जाळ्याशी जोडली गेलेली दोन छिद्रं WR841N च्या नवव्या आवृत्तीत आहेत. पहिल्यामुळे (CVE-2023-50224) राउटरमध्ये साठवलेला पासवर्ड लॉगिन न करताच वाचता येतो. दुसरं (CVE-2025-9377) मुलांच्या वापरावर बंधनं घालण्याच्या पानात आहे. तिथून राउटरला हवी ती आज्ञा देता येते, पण त्याला लॉगिन लागतं. ते पहिल्यातून मिळतं. म्हणजे तुम्ही कितीही अवघड पासवर्ड ठेवला तरी इथे तो उपयोगी पडत नाही. अमेरिकेच्या सायबरसुरक्षा संस्थेने सप्टेंबर 2025 मध्ये दोन्ही छिद्रं प्रत्यक्ष वापरात असलेल्यांच्या यादीत टाकली. टीपी-लिंकने मुदत संपलेली असूनही नोव्हेंबर 2024 मध्ये दुरुस्ती दिली होती. ही मेहरबानी होती, दरवेळी होईल असं धरू नये.

तर आधी राउटर उलटा करून लेबल पाहा. मॉडेलच्या नावाशेजारी Ver 9.0 असं काही छापलेलं असतं. नाव तेच असलं तरी प्रत्येक आवृत्तीचं यंत्र निराळं असतं, आणि चुकीच्या आवृत्तीचं सॉफ्टवेअर भरलं तर राउटर कायमचा बंद पडू शकतो. मग ब्राउझरमध्ये 192.168.0.1 उघडा. Status पानावर Firmware Version च्या ओळीत Build नंतरचे सहा आकडे म्हणजे तारीख: 150310 म्हणजे 10 मार्च 2015. नवव्या आवृत्तीची दुरुस्ती 241108 ची आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या आवृत्तीसाठी आणि प्रदेशासाठी ती मिळाली, तर आजच भरा आणि त्यानंतर पासवर्ड बदला, कारण जुना आधीच वाचला गेलेला असू शकतो.

त्याच पानावर WAN खाली दिसणारा पत्ताही बघा. तो 192.168 किंवा 10 ने सुरू होत असेल, तर तुमच्यापुढे केबलवाल्याचं आणखी एक यंत्र उभं आहे आणि बाहेरून थेट कुणी पोहोचत नाही. 100.64 ते 100.127 मधल्या पत्त्यांचंही साधारण तसंच. धोका कमी होतो, जात नाही; घरातलाच एखादा बाधित फोन किंवा संगणक आतून राउटर गाठू शकतो. Remote Management मध्ये 0.0.0.0 असावं, म्हणजे बाहेरून हाताळणी बंद.

राउटर बंद करून पुन्हा चालू केल्याने मेमरीत बसलेली घाण बहुधा निघते, पण छिद्र तसंच राहतं आणि पाहुणा परत येतो. काही जाणकार अशा राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त सॉफ्टवेअर घालून त्याचं आयुष्य वाढवतात. नवव्या आवृत्तीत मात्र 4 एमबी साठवण आणि 32 एमबी मेमरी एवढंच आहे, आणि इतक्या लहान यंत्रांना ओपनडब्ल्यूआरटीने 19.07 नंतर अधिकृतपणे सोडून दिलं. ती वाटही बंद आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. तुमच्या आवृत्तीत हल्लेखोर वापरत असलेलं छिद्र असेल आणि त्यावर दुरुस्ती नसेल, तर राउटर बदला. दुरुस्ती मिळाली तरी ती भरून नव्याची तयारी करा, कारण पुढच्या छिद्राला मिळेलच असं नाही. नवा घेताना वेगापेक्षा, अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळतील ते आधी विचारा. ब्रिटनमध्ये 29 एप्रिल 2024 पासून ही तारीख जाहीर करणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे कंपन्यांच्या तिथल्या संकेतस्थळांवर ती सापडते. भारतात विकलं जाणारं मॉडेल आणि आवृत्ती तीच आहे ना, एवढं ताडून घ्या. जुना राउटर भंगारात देण्याआधी रिसेटचं बटण दहा सेकंद दाबून धरा, आणि नव्याला वायफायचा जुना पासवर्ड देऊ नका.