शेअरकडून किती परतावा मागावा?

सरकारी रोख्यात पैसे बुडण्याची भीती जवळपास नसते. मग शेअर घेणाऱ्याने त्याहून किती जास्त परतावा मागावा? विल्यम शार्प यांनी 1964 मध्ये मांडलेलं सूत्र याचं उत्तर देतं. पुढे 1990 मध्ये त्यांना अर्थशास्त्राच्या नोबेलचा वाटा मिळाला.

समजा, दहा वर्षांच्या सरकारी रोख्यावर 7 टक्के मिळतात आणि शेअर बाजाराकडून 13 टक्क्यांची अपेक्षा आहे. मधले 6 टक्के म्हणजे जोखमीचा मोबदला. बाजार 1 टक्का हलला की शेअर सरासरी किती हलतो, ते बीटा सांगतो. एखाद्या पोलाद कंपनीचा बीटा 1.4 असेल, तर 1.4 गुणिले 6 म्हणजे 8.4, त्यात 7 मिळवले की 15.4 टक्के. साबण विकणाऱ्या कंपनीचा बीटा 0.6 धरला, तर 10.6 टक्के पुरतात.

नेहमीची चूक म्हणजे बीटाने थेट 13 ला गुणणं. तसं केलं तर पोलादाचा आकडा 18.2 वर जातो आणि चांगला शेअरही महाग वाटतो.

बीटा मात्र जुन्या भावांवरून काढतात. दोन वर्षांऐवजी पाच वर्षांचे भाव घेतले, तरी तो बदलतो. म्हणून एकाच आकड्यावर विसंबू नये. बीटा थोडा वरखाली करून उत्तर पुन्हा काढून पाहावं.