फळ्यावरची चार उत्तरं

तृतीय वर्ष वाणिज्यच्या वर्गाला मी दरवर्षी एक उदाहरण घालते. नाशिकच्या एका कारखान्यात नोकरी करणारा, चाळिशीचा माणूस. आर्थिक वर्ष २०२५-२६. त्याला वर्षभरात मिळालेले पैसे असे: पगार १२,६०,००० रुपये, मुदत ठेवींवरचं व्याज २४,०००, बचत खात्यावरचं व्याज ६,०००, पीपीएफची मुदत संपली त्याचे ३,२०,००० आणि एका मित्राने परत केलेले हातउसने ५०,०००. एकंदर १६,६०,०००. तो नव्या करप्रणालीत आहे. कर किती?

या वेळी दहा मिनिटांत फळ्यावर चार उत्तरं आली. शून्य, २,३४०, १५,६०० आणि ६४,७४०. एकच माणूस, एकच वर्ष आणि एवढा फरक! म्हणून आम्ही पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात केली.

पहिली पायरी म्हणजे आलेल्या पैशातून उत्पन्न वेगळं काढणं. आलेला प्रत्येक रुपया उत्पन्न नसतो. मित्राला दिलेले पैसे मुळात याचेच होते, ते घरी आले इतकंच. पीपीएफची रक्कम व्याजासकट करमुक्त. दोन्ही बाजूला काढले की उरतात १२,९०,०००. इथे उलटी चूकही होते. पगाराचा आकडा पासबुकातून घेतला तर तो कमी येतो, कारण भविष्य निर्वाह निधी आणि व्यवसाय कर कापून उरलेलाच पगार खात्यावर जमा होतो. हिशेबात धरायचा तो कापण्याआधीचा पगार, फॉर्म १६ मधला. व्याजाचंही तसंच. ठेव व्याजासकट पुन्हा गुंतवली असेल तर ते व्याज पासबुकात दिसतच नाही, पण त्या वर्षाचं उत्पन्न म्हणून ते मोजावं लागतं.

दुसरी पायरी वजावटीची. इथे मुलांचा उत्साह आवरावा लागतो. विम्याचा हप्ता, पीपीएफमध्ये भरलेले पैसे, मेडिक्लेम, मुलांची फी असं सगळं घरात ऐकलेलं असतं, ते वहीत उतरतं. एकाने तर महाराष्ट्रातला वर्षाचा २,५०० रुपये व्यवसाय करही वजा केला. जुन्या प्रणालीत यातलं बरंचसं चाललं असतं. नव्या प्रणालीत यातलं काहीच चालत नाही. आपल्या माणसाला मिळते ती फक्त पगारदारांची ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट. १२,९०,००० मधून ती गेली की करपात्र उत्पन्न १२,१५,०००.

मग जुनी प्रणालीच घेतली तर, असं कुणीतरी विचारतंच. तेही करून पाहिलं. प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, गुंतवणुकीचे पूर्ण दीड लाख, मेडिक्लेमचे २५,००० आणि बचत खात्याच्या व्याजाचे ६,००० असं सगळं वजा केल्यावरही करपात्र उत्पन्न १०,५६,५०० राहिलं आणि कर १,३४,६२८ निघाला. या माणसापुरता तो प्रश्न मिटला.

तिसरी पायरी स्लॅबची. पहिल्या चार लाखांवर काही नाही. चार ते आठ लाखांवर ५ टक्के, म्हणजे २०,०००. आठ ते बारा लाखांवर १० टक्के, म्हणजे ४०,०००. वरच्या १५,००० वर १५ टक्के, म्हणजे २,२५०. बेरीज ६२,२५०.

चारही उत्तरांची वाट फुटते ती यापुढच्या पायरीवर, रिबेटच्या. वजावट आणि रिबेट या दोन्हींना आपण बोलताना ‘सूट’ म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो. वजावट उत्पन्नातून जाते, रिबेट निघालेल्या करातून जातो. कलम ८७ए सांगतं की नव्या प्रणालीत करपात्र उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल तर ६०,००० रुपयांपर्यंतचा कर माफ. बारा लाखांवरचा स्लॅबप्रमाणे कर बरोबर ६०,००० होतो, म्हणून तो शून्यावर येतो.

आपला माणूस बारा लाखांच्या पुढे गेला आहे. ज्या मुलीने २,३४० लिहिलं, तिने ६२,२५० मधून ६०,००० वजा केले आणि उरलेल्या २,२५० वर ४ टक्के उपकर लावला. पण रिबेट ही सगळ्यांना मिळणारी ठरावीक रक्कम नाही. ओलांडली मर्यादा की ती पूर्ण मिळत नाही. ज्याने ६४,७४० लिहिलं त्याला एवढं ठाऊक होतं. त्याने रिबेट साफ उडवला आणि ६२,२५० वर उपकर लावला. पण मग बारा लाखांपेक्षा पंधरा हजार जास्त मिळवले म्हणून बासष्ट हजार भरायचे? कायद्याने याचा विचार केला आहे. त्याला मार्जिनल रिलीफ म्हणतात. बारा लाखांच्या वर जेवढी रक्कम असेल, त्यापेक्षा जास्त कर घ्यायचा नाही. वरची रक्कम १५,००० आहे, तर कर १५,०००. उरलेले ४७,२५० माफ. ही सवलत उत्पन्न साधारण १२,७०,५८८ होईपर्यंत पुरते. त्यापुढे स्लॅबचाच कर वरच्या रकमेपेक्षा कमी भरतो.

शेवटी उपकर. तो रिबेटनंतर उरलेल्या करावर लागतो, आधी नाही. १५,००० चे ४ टक्के म्हणजे ६००. देय कर १५,६००.

राहिलं शून्य. ते लिहिणारा मुलगा हिशेबात चुकलाच नव्हता. त्याने फक्त पगार धरला. १२,६०,००० वजा ७५,००० म्हणजे ११,८५,०००, रिबेट पूर्ण, कर शून्य. खऱ्या आयुष्यात हीच चूक सगळ्यात जास्त होते, कारण कंपनीचा लेखा विभागही असाच हिशेब करतो. त्यांना घरच्या ठेवी सांगितल्याच नसतील तर ते टीडीएस कापत नाहीत. बँकेनेही कापलेला नसतो, कारण व्याज ५०,००० च्या आत आहे. दोन्हीकडून काही कापलं गेलं नाही की माणूस समजतो, आपल्याला कर नाही. पण तेच व्याज आयकर खात्याच्या वार्षिक माहिती पत्रकात, एआयएसमध्ये, बँकेकडून पोचलेलं असतं. शिवाय टीडीएस वजा जाता देय कर १०,००० किंवा त्याहून जास्त असेल तर वर्ष संपण्याआधीच आगाऊ कर भरावा लागतो. तो भरला नाही म्हणून वर दरमहा एक टक्का व्याज.

यातून सुटका आहे का? आहे, पण वर्ष संपायच्या आत. पगाराच्या याच रकमेतले १५,००० रुपये मालकाच्या वाट्याचं योगदान म्हणून राष्ट्रीय पेन्शन योजनेत, एनपीएसमध्ये जातील अशी व्यवस्था कंपनीने केली, तर ती वजावट नव्या प्रणालीतही मिळते. मर्यादा मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांची. मग करपात्र उत्पन्न बरोबर बारा लाख आणि कर शून्य. स्वतःच्या खिशातून एनपीएसमध्ये भरलेल्या पैशाला मात्र नव्या प्रणालीत वजावट नाही.

तास संपत आला तेव्हा २,३४० लिहिणारी मुलगी वहीत काहीतरी आकडेमोड करत होती. म्हणाली, “मॅडम, म्हणजे व्याजाचे शेवटचे पंधरा हजार त्याला मिळालेच नसते तर बरं झालं असतं?”

“हो,” मी म्हटलं, “सहाशे रुपयांनी.”