वेळ संपला, निष्कर्ष राहिला: गुण नेमके कुठे जातात?

परदेशी शिक्षणासाठी आयईएल्टीएस देऊन आलेल्या मुलांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते: 'निबंधाचा शेवटचा परिच्छेद राहिलाच!' पुढे निकालापर्यंत जिवाला घोर. निष्कर्ष नाही म्हणजे निबंध वाया गेला, असं मुलांना वाटतं आणि शिकवणाऱ्यांनाही. तपासणीची रीत पाहिली तर मात्र वेगळं चित्र दिसतं.

या परीक्षेत लेखनाला एकूण 60 मिनिटं असतात. पहिला प्रश्न किमान 150 शब्दांचा, दुसरा म्हणजे निबंध किमान 250 शब्दांचा. निबंधाचं वजन पहिल्या प्रश्नाच्या दुप्पट. परीक्षक चार गोष्टी वेगवेगळ्या पाहतो: प्रश्नाला दिलेलं उत्तर, मांडणीतली सुसंगती, शब्दसंपत्ती आणि व्याकरण. प्रत्येकीला 0 ते 9 यांपैकी बँड मिळतो आणि चारही गोष्टींचं महत्त्व सारखंच असतं. 'निष्कर्ष' नावाचा पाचवा रकाना नाही. शेवटचा परिच्छेद नसल्याचा फटका बसतो, पण तो या चार रकान्यांतूनच.

एक उदाहरण घेऊ. समजा प्रश्न असा आहे: शहरातली गर्दी कमी करण्यासाठी खासगी मोटारींवर जादा कर लावावा, या मताशी तुम्ही कितपत सहमत आहात? दोघांनी सुमारे 260 शब्द लिहिले आणि दोघांचंही शेवटचं वाक्य अर्धवट राहिलं.

पहिलीने सुरुवातीलाच सांगितलं, 'कर लावावा, पण बस आणि लोकल सुधारल्यानंतरच.' पुढच्या परिच्छेदात कराने गर्दी का घटेल ते आलं. त्यानंतरच्या परिच्छेदात, पर्याय नसताना तोच कर नोकरदाराला कसा जाचेल, ते आलं. त्यापुढचा सुरू होताच वेळ संपला. दुसऱ्याने सुरुवातीला 'या प्रश्नाला दोन बाजू आहेत' एवढंच लिहिलं. मग एक परिच्छेद बाजूने, एक विरोधात. स्वतःचं मत तो शेवटी देणार होता.

पहिलीचं मत कागदावर आहे आणि दोन्ही परिच्छेद त्याला आधार देतात. शेवट तुटला म्हणून उत्तर अपुरं वाटेल, थोडं नुकसान होईलही, पण प्रश्नाला उत्तर मिळालं आहे. दुसऱ्याने मात्र 'कितपत सहमत' याचं उत्तरच दिलेलं नाही. त्याचं इंग्रजी कितीही सफाईदार असलं तरी पहिल्या रकान्यात तो खाली येतो. दोघांचाही निष्कर्ष राहिला, पण तोटा सारखा नाही.

अमेरिकेतल्या एपी इतिहासाच्या परीक्षेत हे नियमातच लिहिलेलं आहे. तिथल्या दीर्घ निबंधाला 6 गुण असतात. त्यातला एक मुख्य प्रतिपाद्यासाठी. ते प्रस्तावनेत असो वा निष्कर्षात, गुण तोच. वेगळ्या समारोपाला गुण नाही. म्हणजे मत आधीच मांडणाऱ्याचा हा गुण वेळ संपला तरी सुरक्षित राहतो.

सरावाचे पेपर तपासणाऱ्यांकडून इथे दोन चुका होतात. पहिली चूक म्हणजे एकाच उणिवेसाठी दोनदा गुण कापणं. निष्कर्ष नाही म्हणून उत्तराचे गुण कमी केले की लिहिलेल्या परिच्छेदांचा क्रम चोख असतानाही मांडणीचे गुण जातात. अर्धवट शेवटच्या वाक्याच्या नाराजीत व्याकरणालाही कात्री लागते. दुसरी चूक मायेपोटी होते. 'हिला काय म्हणायचं होतं ते कळतंय' असं म्हणून न लिहिलेल्या मुद्द्यालाही गुण दिले जातात. गुण लिहिलेल्याचेच द्यायचे, आणि लिहिलेल्याचे पूर्ण द्यायचे. प्रत्येक रकाना स्वतंत्रपणे वाचला की दोन्ही चुका टळतात.

निबंध अपुरा का राहतो, तेही बहुतेकदा घड्याळातच सापडतं. पहिल्या प्रश्नाला 20 मिनिटं पुरावीत अशी अपेक्षा असताना तक्ता वा आलेख वर्णन करण्यात तीस मिनिटं जातात आणि दुप्पट वजनाचा निबंध उरलेल्या वेळात कोंबला जातो. प्रश्न कोणत्याही क्रमाने सोडवता येतात, त्यामुळे निबंध आधी लिहिणं हा सरळ उपाय आहे. शेवटची तीन मिनिटं उरली की हातातलं वाक्य पुरं करावं, नवा मुद्दा काढू नये आणि आपलं मत दोन वाक्यांत लिहून टाकावं. घाईत नवा मुद्दा घुसडला तर तो सिद्ध होत नाही आणि आधीचं मतही डळमळीत दिसतं.

शिक्षकांना एवढीच विनंती, की अपुऱ्या निबंधाखाली नुसतं 'वेळ संपला' असं लिहू नका. 'मत पहिल्या परिच्छेदात आहे, समारोप नाही' किंवा 'मत कुठेच नाही' यांपैकी जे खरं असेल ते लिहा. पहिल्या मुलीला घड्याळ सांभाळायला शिकायचं आहे, तर दुसऱ्याला निबंध लिहायला. एकाच शेऱ्याने दोघांचं भलं होणार नाही.