आकाश शेवटी का रंगवायचं?

नोकरी सोडताना नोटीस पीरियडचे शेवटचे पंधरा दिवस मी कोडला हात लावला नाही. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत आम्ही मोबाइलवरचे गेम करायचो. गेममधलं दृश्य पडद्यावर उमटवणारा भाग, ज्याला आम्ही रेंडरर म्हणतो, तो सहा वर्षं माझ्याकडेच होता. आता तो एका नव्या मुलीच्या हाती सोपवायचा होता, म्हणून हँडओव्हरचा कागद लिहायला बसलो. पहिला खर्डा बावीस पानांचा झाला. कुठल्या फाइलीत काय आहे, कोण कोणाला बोलावतं, सगळं टापटीप. तिनं तो एका संध्याकाळी वाचला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं, "हे मला कोड उघडला की दिसतंच. पण तुम्ही आकाश इतक्या उशिरा का काढता? ते तर सगळ्यांच्या मागे असतं ना?"

त्या प्रश्नाचं उत्तर बावीस पानांत कुठेच नव्हतं. खर्डा बाजूला ठेवला आणि नव्यानं लिहायला घेतलं.

हातानं चित्र काढणारा माणूस आधी आकाश रंगवतो, मग डोंगर, मग समोरचं झाड. फोनलाही तसं करता येईल, पण त्याच्याकडे वेळ नसतो. सेकंदाला साठ चित्रं दाखवायची तर एका चित्राला सुमारे 16.6 मिलिसेकंद मिळतात. 2400 बाय 1080 च्या पडद्यावर जवळपास 26 लाख ठिपके, म्हणजे पिक्सेल. आधी सगळीकडे आकाश भरायचं आणि मग त्यातलं बरंचसं वाड्याच्या भिंतींखाली गाडायचं, ही चैन परवडत नाही.

म्हणून प्रत्येक पिक्सेलसाठी रंगाबरोबर आणखी एक आकडा ठेवतात: तिथे आतापर्यंत रंगवलेली सर्वांत जवळची वस्तू किती अंतरावर आहे. या आकड्यांच्या तक्त्याला डेप्थ बफर म्हणतात. एड कॅटमुल यांनी 1974 साली युटा विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात ही युक्ती मांडली. पुढे ते पिक्सारच्या संस्थापकांपैकी एक झाले. एका पिक्सेलला चार बाइट धरले तर आमच्या पडद्यासाठी हा तक्ता दहा एमबीच्या आसपास जातो. आजच्या फोनला ते काहीच नाही. 1974 मध्ये मात्र एवढी मेमरी म्हणजे स्वप्नच होतं.

तक्ता हाताशी असला की आकाशाचं उत्तर सोपं होतं. आधी भिंती, खांब, जमीन काढायची. मग आकाश, पण सर्वांत लांबच्या अंतरावर आहे असं सांगून. ग्राफिक्स चिप प्रत्येक पिक्सेलला तक्ता बघते: इथे जवळचं काही आहे का? असेल तर आकाशाचा रंग काढण्याचे कष्टही घेत नाही. आमच्या वाड्याच्या ओसरीत उभं राहिलं तर आकाश फक्त चौकातून चतकोरभर दिसतं, आणि तेवढंच रंगवलं जातं.

यात एक खाच आहे, ती मी कागदावर लाल अक्षरांत लिहिली. चित्र सुरू होताना तक्त्यात सगळीकडे सर्वांत लांबचाच आकडा भरलेला असतो, आणि आकाशही नेमकं त्याच अंतरावर. त्यामुळे तपासणी "लहान किंवा समान" अशी हवी. कोणी ती नीटनेटकी करायला जाऊन नुसती "लहान" केली, तर आकाश कुठेच उमटणार नाही आणि कोडमध्ये एकही त्रुटी दिसणार नाही. ते लगेच लक्षात यावं म्हणून चाचणीच्या आवृत्तीत मी कोरा पडदा भडक राणी रंगाचा ठेवला होता. दृश्यात राणी रंग दिसला की समजायचं, इथे काहीच रंगवलं गेलेलं नाही.

इथपर्यंत सगळं भिंती-खांबांसारख्या ठोस वस्तूंचं. त्या कुठल्याही क्रमानं काढल्या तरी चित्र बरोबरच येतं, फक्त वेळ कमीजास्त लागतो. काच, धूर, पाणी आलं की हा दिलासा संपतो. काचेतून मागचं दिसायला हवं, म्हणून मागचं आधी काढलेलं असलंच पाहिजे. त्यासाठीच आकाशाची पाळी ठोस वस्तूंनंतर, पण काचेच्या आधी येते. काच आणि धूर तक्ता वाचतात, कारण भिंतीमागचा धूर दिसता कामा नये. पण त्यात स्वतःचं अंतर लिहीत नाहीत. लिहिलं, तर आधी काढलेली काच मागचा धूर सपशेल झाकून टाकेल. तेव्हा अर्धपारदर्शक वस्तूंना चित्रकाराचाच नियम लागतो: लांबची आधी, जवळची नंतर.

हा क्रम इंजिन एका आकड्यानं ठरवतं. काढायच्या प्रत्येक वस्तूला एक मोठा आकडा देतो आणि वस्तू त्या आकड्यांनुसार चढत्या क्रमानं लावतो. पिनकोडसारखंच आहे: पहिला अंक 4 असला की पत्र आपल्या बाजूला येणार हे ठरतं, बाकीचे अंक नंतर बघायचे. डावीकडे जे ठेवाल त्याचा हुकूम आधी चालतो. आमच्याकडे रचना अशी होती, कंसात किती बिट ते:

```
opaque:      pass(4) | material(16) | depth(24)
transparent: pass(4) | ~depth(24)   | material(16)
```

ठोस वस्तूंत मटेरियल डावीकडे आहे, कारण एकच लाकूड वापरणारे सगळे खांब सलग काढले की सामान बदलण्याचा वेळ वाचतो. अर्धपारदर्शक वस्तूंत अंतर डावीकडे आहे. त्याआधीची `~` ही खूण अंतर उलटं करते, म्हणजे लांबची वस्तू आधी येते. या दोन ओळी एकसारख्या करण्याचा मोह प्रत्येक नव्या माणसाला होतो. मलाही दुसऱ्या वर्षी झाला होता आणि एका दुपारीच उतरला.

पण "वस्तूचं अंतर" म्हणजे कुठलं अंतर? आमचं इंजिन वस्तूच्या मध्यबिंदूचं घेतं. धूपाटण्याच्या धुराला ते चालतं. लांबलचक काचेला चालत नाही, आणि तिथेच आमचा सगळ्यात चिवट दोष दडला होता.

गेममधल्या वाड्याचं संग्रहालय झालेलं असतं. ओसरीतून चालताना डाव्या हाताला हिरवट काचेचं आठ मीटरचं पार्टिशन लागतं, आणि त्याच्या पलीकडे देवघरासमोर धूपाटणं ठेवलेलं. खेळाडू उभा राहतो तिथून समोरच्या दिशेनं मोजलं तर पार्टिशन 1 मीटरवर सुरू होतं आणि 9 मीटरवर संपतं. मध्यबिंदू 5 वर. धूर 3 वर, पण काचेच्या पलीकडे. इंजिन म्हणतं काच 5, धूर 3, म्हणजे काच लांबची. ते काच आधी काढतं आणि धूर तिच्यावर. प्रत्यक्षात नजर धुराकडे जाते ती पार्टिशनला 2 मीटरवर छेदून. म्हणजे त्या ठिकाणी काच जवळ आहे आणि धूर लांब.

फरक किती पडतो ते एका पिक्सेलवर पाहू. भिंतीची उजळी 100, धुराची 200, काचेची 40, आणि धूर-काच दोन्ही निम्मी पारदर्शक. बरोबर क्रमात भिंतीवर धूर आला की 150 होतात, मग काच आली की 95. उलट क्रमात भिंतीवर काच येऊन 70, मग धूर येऊन 135. पडद्यावर ते स्पष्ट दिसतं: धूर काच फोडून ओसरीत आल्यासारखा. खेळाडू दोन-चार पावलं मागेपुढे झाला, की एखाद्या वस्तूचा क्रम अचानक पालटतो आणि ती टुणकन पुढची मागे जाते. अशी उडी दिसली की रंग, प्रकाश, चित्रं तपासत बसू नये, दोष क्रमातच असतो.

पहिला उपाय मी चुकीचा केला. पार्टिशनच्या अंतरातून हातानं तीन मीटर वजा केले. देखावा सुधारला आणि मी निवांत झालो. मग एका चाचणी करणाऱ्यानं देवघराच्या बाजूनं काचेकडे पाहिलं. तिथून आता काचेच्या अलीकडचा धूपाटण्याचा धूरच चुकू लागला होता. एका बाजूनं लावलेलं ठिगळ दुसऱ्या बाजूनं फाटतं.

टिकलेला उपाय अगदी साधा होता: पार्टिशनचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे. त्यांचे मध्यबिंदू 2, 4, 6 आणि 8 मीटरवर आले. धूर 3 वर. लांबचे तीन तुकडे आधी, मग धूर, मग जवळचा तुकडा. धूर दिसतो तो या जवळच्याच तुकड्यातून, त्यामुळे चित्र बरोबर आलं. क्रमाची फिकीरच नको अशा पद्धतीही आहेत, पण त्या जास्तीची मेमरी मागतात किंवा अंदाजानं काम भागवतात. आमच्या स्वस्त फोनांना त्या झेपल्या नाहीत.

हे चार तुकडे कोडमध्ये कुठेच दिसत नाहीत. ते कलाकाराच्या फाइलीत असतात, आणि तिथे ते निव्वळ गबाळेपणा वाटतात: एकच काच, एकच मटेरियल, मग चार वस्तू कशाला? नव्या कागदात या पार्टिशनला मी दीड पान दिलं. नकाशा काढला, वरचे आकडे लिहिले आणि उपायाच्या मर्यादाही लिहिल्या. धूर पसरून दोन तुकड्यांच्या सांध्यावर आला तर त्याची कड चुकणार. काचेचं दार उघडून धुरातूनच फिरलं, तर दाराचा अर्धा भाग धुराच्या पुढे आणि अर्धा मागे असतो, तिथे वस्तूंचा कुठलाच क्रम बरोबर येणार नाही. म्हणून त्या दारापासून दीड मीटरच्या आत धूर ठेवायचा नाही, असं लेव्हल करणाऱ्यांशी तोंडी ठरलं होतं. ते पहिल्यांदा कागदावर आलं.

मी गेल्यानंतर अडीच महिन्यांनी तिचा फोन आला. धूर पुन्हा ओसरीत आला होता. मी काही सुचवायच्या आत तीच सांगू लागली. रेंडरडॉक नावाच्या साधनात तिनं एक चित्र पकडून ठेवलं होतं. त्यात फोननं एकेक वस्तू कुठल्या क्रमानं काढली ते पायरीपायरीनं पाहता येतं. काचेच्या चार पायऱ्या दिसायला हव्या होत्या, दिसली एकच. नव्या कलाकारानं फाइल साफ करताना तुकडे जोडून टाकले होते.

"परत चार केलेस?" मी विचारलं.

"केले. पण आता फाइल आत घेतानाच तपासणी टाकली आहे. तीन मीटरपेक्षा लांब काच आली की बिल्ड अडतो, आणि का अडला ते सांगणारा तुमच्या कागदातला नकाशा समोर येतो."

मग तिनं हौदाच्या पाण्याबद्दल विचारलं. ते बारा मीटर लांब आहे, त्याचं काय करायचं? त्याबद्दल मी एक ओळही लिहिली नव्हती. पाण्यावर कोणी धूर सोडेल असं मला वाटलंच नव्हतं, आणि नव्या भागात पहाटेचं धुकं आलं होतं.