दोनशे अक्षरांत रिक्रूटरला काय लिहावे?

लिंक्डइनवर रिक्रूटरच्या पानावरचे Connect हे बटण दाबले, की साइट एक प्रश्न विचारते: सोबत नोट जोडायची, की नुसतीच विनंती पाठवायची? बरेच जण नुसती विनंती पाठवून मोकळे होतात. जे नोट लिहितात, त्यांच्यातले बरेच जण चौकट मोठी असल्यासारखे लिहायला बसतात आणि वाक्य अर्ध्यावर असतानाच जागा संपते. पूर्वी या चौकटीत ३०० अक्षरे मावत. आता पैसे न भरणाऱ्या सभासदाला २०० अक्षरे मिळतात, पैसे भरून प्रीमियम खाते घेतलेल्याला ३००. शिवाय मोफत खात्यावरून महिन्याला अशा मोजक्याच नोटा पाठवता येतात. त्या संपल्या, की पुढचा महिना उजाडेपर्यंत नोटेशिवायच विनंती जाते. त्यामुळे नोट कोणाला पाठवायची, हेही आता विचारपूर्वक ठरवावे लागते.

नोटेत काय असावे, हे समजायला रिक्रूटरचा दिवस कसा जातो ते पाहावे लागते. रिक्रूटरच्या टेबलावर माणसांची यादी नसते, रिकाम्या जागांची असते. एकेका जागेला क्रमांक असतो, ती मागणाऱ्या विभागाचा प्रमुख असतो, आणि ती कधीपर्यंत भरायची याची घाई असते. रिक्रूटर जागेकडून माणसाकडे येतो. ‘मला साजेशी नोकरी असेल तर सांगा’ ही विनंती नेमकी उलट्या दिशेने जाते. तिला उत्तर द्यायचे तर रिक्रूटरने समोरच्याचे प्रोफाइल उघडायचे, ते वाचायचे, मग हातातल्या सगळ्या जागांशी ताडून पाहायचे. एवढा वेळ तो अनोळखी माणसाला देत नाही. त्यात कोणाचा उद्दामपणा नसतो, त्याच्या कामाची रचनाच तशी आहे.

एक उदाहरण घेऊ. भोसरीतल्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करणारी एक तरुण इंजिनिअर आहे. चाकणच्या एका वाहन-सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीने क्वालिटी इंजिनिअरच्या जागेची जाहिरात टाकली आहे. जाहिरात टाकणाऱ्या रिक्रूटर बाई आपल्या पानावर मराठीत लिहितात, म्हणून नोटही मराठीत. (पान इंग्रजी असेल तर नोट इंग्रजीत लिहावी. मजकुराचे तत्त्व बदलत नाही.) पहिल्या झटक्यात सुचते ती नोट साधारण अशी असते:

‘आदरणीय मॅडम, मी बी.ई. मेकॅनिकल असून नोकरीच्या शोधात आहे. मी मेहनती, प्रामाणिक व शिकण्यास उत्सुक आहे. आपल्या कंपनीत माझ्या प्रोफाइलला साजेशी संधी असल्यास कृपया कळवावे.’

ही १६६ अक्षरे होतात. मर्यादेत बसतात, भाषा नम्र आहे, शुद्धलेखनही ठीक आहे. पण वाचून झाल्यावर बाईंच्या हाती काहीच लागत नाही. कोणती जागा, ते कळत नाही. अनुभव एका वर्षाचा की दहा वर्षांचा, ते कळत नाही. मेहनती आणि प्रामाणिक तर प्रत्येकच उमेदवार स्वतःला म्हणवतो, त्यामुळे ती दोन विशेषणे जागा अडवतात आणि माहिती देत नाहीत. शेवटची विनंती इतकी मोघम आहे, की तिला ‘बघू’ याखेरीज उत्तर नाही.

आता त्याच इंजिनिअरने आधी कंपनीच्या संकेतस्थळावर रीतसर अर्ज भरला आणि दुसऱ्या दिवशी ही नोट लिहिली:

‘नमस्कार मॅडम, चाकणच्या क्वालिटी इंजिनिअर जागेसाठी (क्र. 4471) काल अर्ज केला. सीएमएम व पीपॅपवर ३ वर्षे काम, सध्या भोसरीत. नोटीस ३० दिवस. ही जागा तुम्ही पाहत नसाल तर कोणाला लिहावे, एवढे कळवाल का?’

अक्षरे १९३. सुरुवातीलाच जागेचे नाव आणि क्रमांक आहे. विनंत्यांच्या यादीत नजर आधी नोटेच्या सुरुवातीवर पडते, म्हणून सर्वांत कामाची गोष्ट तिथेच हवी. क्रमांक मात्र जाहिरातीत जसा छापला आहे तसाच, तिथल्याच आकड्यांत लिहायचा. बाई तो उचलून आपल्या यंत्रणेत टाकतात आणि अर्ज समोर येतो. ‘काल अर्ज केला’ या तीन शब्दांनी आणखी एक गोष्ट कळते. ही व्यक्ती रांग सोडून मधे घुसत नाही, रांगेत उभी राहून आपला नंबर सांगते आहे.

मग कामाचा तपशील. सीएमएम म्हणजे सुट्या भागांची मापे अतिशय सूक्ष्म फरकांपर्यंत तपासणारे यंत्र. पीपॅप म्हणजे नवा भाग नियमित उत्पादनात घेण्याआधी ग्राहक कंपनीकडून मंजुरी मिळवण्याची प्रक्रिया आणि तिची कागदपत्रे. वाहन उद्योगातल्या गुणवत्ता विभागाची जाहिरात वाचली तर हे दोन शब्द बहुधा त्यात सापडतात, आणि रिक्रूटर प्रोफाइल चाळताना तेच शोधत असतो. म्हणून नोटेत आपल्या आवडीचे नव्हे, जाहिरातीतलेच दोन शब्द उचलावेत. अर्थात जे काम खरोखर केले आहे तेवढेच. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

‘सध्या भोसरीत’ आणि ‘नोटीस ३० दिवस’ हे तुकडे परदेशी मार्गदर्शकांत क्वचित दिसतात, पण आपल्याकडे त्यांना फार वजन आहे. भारतात अनेक कंपन्यांत, विशेषतः आयटीमध्ये, राजीनाम्यानंतर ६० किंवा ९० दिवस थांबावे लागते. जागा महिन्याभरात भरायची असेल तर रिक्रूटर पहिली गाळणी तिथेच लावतो. भोसरी ते चाकण रोज येणे-जाणे जमण्यासारखे आहे, हेही त्याला न विचारता कळते. पगाराची अपेक्षा मात्र या नोटेत नको. तो आकडा संभाषण सुरू झाल्यावर, विचारल्यावर सांगायचा.

शेवटचा प्रश्न मुद्दाम लहान ठेवला आहे. बाईंना त्याचे उत्तर एका ओळीत देता येते: ‘मीच पाहते’ किंवा ‘अमुक सहकाऱ्यांना लिहा’. नोकरी मागितली तर रिक्रूटरला ती देता येत नाही, कारण निवड विभागप्रमुख करतो. वाट मात्र दाखवता येते.

अक्षरे मोजताना मराठी लिहिणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. संगणक वेलांटी, काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे सुटे मोजतो, मोकळी जागा आणि पूर्णविरामही. ‘नमस्कार’ डोळ्यांना चार अक्षरांचे दिसते, मोजणीत ते सात भरते. ‘क्वालिटी’ आठ भरते. म्हणून कागदावर छोटी वाटणारी नोट चौकटीत बसत नाही. छाटायची वेळ आली तर आधी विशेषणे काढावीत, मग कॉलेजचे नाव, मग स्वतःचे नाव. नाव आणि हुद्दा विनंतीसोबत आपोआप दिसतात, ते पुन्हा लिहिण्यात अक्षरे वाया जातात. बायोडाटाची लांबलचक लिंकही टाकू नये. ती एकटीच निम्मी जागा खाते, आणि अनोळखी माणसाने पाठवलेली लिंक शहाणा रिक्रूटर उघडत नाही.

पाठवतानाही घोटाळे होतात. मोबाइलवर घाईत बटण दाबले तर नोट न जोडताच विनंती जाऊ शकते, सुचवलेल्या लोकांच्या यादीतून दाबले तर हमखास. म्हणून आधी त्या व्यक्तीचे पूर्ण पान उघडावे. काही रिक्रूटरांच्या पानावर समोर Follow दिसते आणि Connect हे More खाली दडलेले असते. तिथून Add a note निवडावे. मजकूर आधी दुसरीकडे लिहून, मोजून, तपासून मगच चिकटवावा, कारण गेलेली नोट दुरुस्त करता येत नाही. नावात चूक झाली म्हणून विनंती मागे घेतली, तर त्याच व्यक्तीला तीन आठवड्यांपर्यंत पुन्हा विनंती पाठवता येत नाही. तेवढ्यात जागा भरूनही जाते. सर्वांत वाईट चूक म्हणजे एकच मजकूर सर्वांना पाठवताना आधीच्या कंपनीचे नाव तसेच राहून जाणे. ते वाचणाऱ्याला लगेच दिसते.

विनंती स्वीकारली गेली, की तीच नोट दोघांच्या संभाषणातला पहिला निरोप बनते. तिथे २०० अक्षरांचे बंधन उरत नाही. त्या दिवशी चार-पाच ओळींत कामाचा तपशील द्यावा, बायोडाटा पीडीएफमध्ये जोडावा आणि थांबावे. आठवड्याने एकदा विचारणे गैर नाही, रोज विचारणे गैर आहे. उत्तर आलेच नाही तर त्याचा अर्थ नकार असा धरू नये. अर्ज आपल्या वाटेने चालू असतोच.

या नोटेच्या मर्यादाही ओळखायला हव्यात. प्रोफाइलच अर्धवट असेल, हुद्द्याच्या ओळीत नुसते ‘संधीच्या शोधात’ लिहिले असेल, तर नोट कितीही नेमकी असली तरी रिक्रूटर प्रोफाइलवर येऊन माघारी जातो. आणि सगळे रिक्रूटर सारखे नसतात. कंपनीचा स्वतःचा रिक्रूटर तिच्याच जागा पाहतो, कन्सल्टन्सीतला अनेक कंपन्यांच्या. कन्सल्टन्सीतल्या माणसाला जागेच्या क्रमांकाऐवजी कामाचा प्रकार, अनुभव आणि शहर सांगितले तर त्याला जास्त उपयोग होतो. रिक्रूटर म्हणवणाऱ्याने नोंदणीसाठी किंवा प्रशिक्षणासाठी पैसे मागितले, तर तो नोकरी देणारा नाही, हे पक्के धरावे. त्यासाठीच नोटेत मोबाइल नंबर, जन्मतारीख, आधार असले काही लिहू नये.

हातात जाहिरात नसताना रिक्रूटरला लिहिण्यात महिन्याच्या मोजक्या नोटा संपवू नयेत. त्या कंपनीत त्याच विभागात काम करणारा, आपल्या कॉलेजचा किंवा जुन्या कारखान्यातला कोणी असेल तर नोट त्याला लिहावी. अनेक कंपन्यांत कर्मचाऱ्याने सुचवलेला उमेदवार वेगळ्या यादीत जातो, आणि ती यादी रिक्रूटर आधी उघडतो.